प्राणप्रतिष्ठेचं हेडिंग आणि आमचं दोन पानांचं शैलीपत्रक

हेडिंग माझंच होतं. वार्ताहराचं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ऑफिसात सगळे त्याच्याच नावानं ओरडत होते आणि तो बिचारा फोनवर "ताई मी असं लिहिलंच नव्हतं" म्हणून राहिला होता. खरंच लिहिलं नव्हतं त्यानं.

झालं असं की वर्धा नदीकाठच्या एका गावात नवा बुद्धविहार बांधला आणि तिथं मूर्ती बसवली. कॉपीसोबत पत्रिकेचा फोटो आला होता, त्यावर स्वच्छ छापलेलं, 'बुद्धमूर्ती प्रतिष्ठापना व धम्मदेसना'. मी तालुका पान लावत होती, रात्रीचे साडेनऊ, पान दहाला सुटतं, तीन कॉलमच्या हेडिंगमध्ये ती ओळ काही बसेना. मग हाताला सवय असते ना, रोज हनुमान मंदिर, दत्त मंदिर, देवीचं मंदिर यांच्या बातम्या लावून लावून बोटांनाच शब्द पाठ झालेले असतात, त्या बोटांनी टाकलं 'बुद्ध मंदिरात मूर्तीची प्राणप्रतिष्ठा'. बसलं बरोबर. फोटोओळीत 'भंतेजी' होतं तिथं 'महाराज' केलं आणि खाली लिहिलं 'महापूजा करताना भाविक'. तीन ओळींत चार चुका, आणि मी पान सोडून घरी जाऊन शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावातून सहा जण आले. भांडायला नाही आले, अंक घडी करून आणला होता आणि हेडिंगखाली पेनानं रेघ मारली होती. त्यात एक आजी होती, पांढरं लुगडं, ती खुर्चीवर बसली, पाणी पिलं आणि मला म्हणाली, "बाई, प्राणप्रतिष्ठा म्हणजे काय व्हय ते तुले माहीत हाय का?" मी म्हटलं मूर्ती बसवणं. "नाही ना," ती म्हणाली, "मंत्र म्हणून मूर्तीत देव आणतात ते व्हय. आमच्या विहारात कोण आणला देव? बाबासाहेबांनी आम्हाले जे सोडायले लावलं तेच तू पेपरात आमच्या नावावर लिहून राहिली."

मला काही बोलताच आलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली तेव्हाच्या २२ प्रतिज्ञा आपण सगळे ऐकून असतो, दीक्षाभूमीवर त्या कोरलेल्याही आहेत, पण हेडिंग लावताना डोक्यात येतच नाही की त्यात देवादिकांना मानणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून घेणार नाही असं एकेक करून सोडलेलं आहे. त्या माणसांसाठी 'प्राणप्रतिष्ठा' हा टायपिंगचा दोष नव्हताच.

त्यांच्यासोबत एक रिटायर्ड गुरुजी होते, त्यांनी एक गोष्ट अजून सांगितली जी मला पुढे फार उपयोगी पडली. ते म्हणाले, बाई, 'पूजा' या शब्दालाच आमची हरकत आहे असं समजू नका, आमच्या वंदनेत बुद्धपूजेच्या गाथा आहेतच, फुलं वाहतो, मेणबत्ती लावतो, अगरबत्ती लावतो. पण तुम्ही 'महापूजा' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर अभिषेक आणि आरती येते. तिथं त्रिशरण पंचशील झालं, परित्राण पाठ झाला, भंतेजींनी देसना दिली, तेवढं लिहा ना, जे झालं ते लिहा.

खुलासा छापला. आतल्या पानावर, चार ओळी, कोपऱ्यात, खुलासे जिथं जातात तिथंच. मला ते पटलं नव्हतं पण ते माझ्या हातात नाही. संपादक साहेब म्हणाले, आता एक कर, धर्माच्या बातम्यांसाठी आपलं शैलीपत्रक कर, दोन पानांच्या वर जाऊ नको, कोणी वाचणार नाही.

पहिलं काम म्हणून मी तालुका पानांचे तीन महिन्यांचे अंक काढले आणि लाल पेन घेऊन बसली. रात्रीचं पान सुटलं की अर्धा तास, असे पंधरा-वीस दिवस गेले. मला वाटत होतं की दोष शब्दांचाच असेल, इथं हा चुकला तिथं तो चुकला, पण खुणा करता करता लक्षात आलं की गठ्ठे दोन वेगवेगळे पडून राहिले. एक, नाव चुकीचं, म्हणजे जागेचं, विधीचं, माणसाच्या पदाचं. दुसरा, बातमीत धर्म आणायचं कारणच नव्हतं तरी आणला, किंवा आणायचा नाही म्हणून असा लपवला की उलट जास्त दिसला. पहिला गठ्ठा सोपा, विचारलं की कळतं. दुसऱ्यानं जीव खाल्ला.

विचारायला मी फिरली. गाडीवर, एकेका रविवारी. यादी पुस्तकातून नाही केली कारण पुस्तकात सगळीकडचं एकच लिहिलेलं असतं आणि आपल्या गावचं वेगळंच असतं.

आमच्याकडे दाढीटोपीवाला कोणीही दिसला की 'मौलवी' लिहायची रीत. मशिदीच्या इमाम साहेबांनी हसत हसत दुरुस्त केलं, नमाज पढवतो तो इमाम, अजान देतो तो मुअज्जिन, कुराण पाठ असलेला हाफिज, आणि फतवा देतो तो मुफ्ती. फतव्यावर ते जरा थांबले. म्हणाले, तुमच्या पेपरात दर आठवड्याला कोणीतरी फतवा काढतो, आमच्यात तर इतके निघत नाहीत. मी अंक चाळले तर खरंच, गटशिक्षणाधिकाऱ्यांचा फतवा, पक्षश्रेष्ठींचा फतवा, नगरपरिषदेचा फतवा. फतवा म्हणजे कोणी प्रश्न विचारला तर मुफ्तीनं धर्मशास्त्राच्या आधारे दिलेलं मत, आणि आपण तो शब्द जुलमी हुकूम या अर्थानं रोज वापरून राहिलो, म्हणजे ज्या बातमीत एकही मुसलमान नाही तिथंही एक टोमणा बसूनच असतो. शैलीपत्रकात लिहिलं, आदेशाला आदेश म्हणा, फर्मान म्हणायचंच असेल तर तेही चालेल, फतवा फक्त मुफ्तीचा.

मोहरमचं पण तिथंच कळलं. 'मोहरम उत्साहात साजरा' हे आमचं दरवर्षीचं हेडिंग, आणि एका वर्षी तर पुढाऱ्याच्या जाहिरातीत 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा' छापून आलं होतं. करबल्यात इमाम हुसैन शहीद झाले त्याची ती आठवण, त्यात शुभेच्छा कसल्या. पण गंमत अशी की इमाम साहेब म्हणाले आमच्या मते सवाऱ्या-ताबूत हे करायचंच नसतं, आणि त्याच गावात सवारी बसते, तिला कुणबी-तेल्यांच्या घरून मलिदा जातो, पोट्टे रात्रभर ढोल वाजवतात आणि खरंच उत्साह असतो. मग काय लिहायचं? या एका मुद्द्यावर मी दोन दिवस अडली. शेवटी लिहिलं ते असं, की धर्मात काय बसतं काय नाही याचा निवाडा पेपरनं करायचा नाही, कोणी काय केलं ते लिहायचं. सवारी कोणत्या मोहल्ल्यातून उठली, कोणत्या रस्त्यानं गेली, कुठं थंड झाली. 'उत्साहात' पण नको आणि 'शोकाकुल वातावरणात' पण नको, दोन्ही डेस्कवर बसून ठरवलेली असतात.

गोंडांच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त अडाणी निघाली. गोंदियाकडच्या सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास मोठी जत्रा भरते, आमच्या भागातून गाड्या जातात, आणि आम्ही दरवर्षी 'आदिवासी भाविकांनी घेतले महादेवाचे दर्शन' असं काहीतरी छापतो. एक गोंड शिक्षक आहेत, त्यांनी समजावलं की कोया पुनेम मानणारे पेन म्हणतात, देव नाही, आणि विधी करणारा भुमका असतो, त्याला पुजारी लिहिलं की एक चूक आणि मांत्रिक लिहिलं की दुसरी आणि तीही अपमानाची. पण लगेच हेही म्हणाले की माझ्याच नात्यात घरी गणपती बसवणारे आहेत, स्वतःला हिंदू लिहिणारे आहेत, त्यांना तुम्ही पेपरातून कोया पुनेमी करू नका. म्हणजे आडनाव पाहून धर्म लिहायचा नाही. विचारायचं, आणि विचारणं जमलं नाही तर ते वाक्यच टाकायचं नाही.

आता दुसरा गठ्ठा. यातली एकच केस सांगते, नाव-गाव सोडून.

बसस्टँडजवळच्या पानठेल्यासमोर संध्याकाळी गाडीचा कट लागला, दोघांची बाचाबाची, मग दोघांचे मित्र आले, दोघांची डोकी फुटली, सरकारी दवाखान्यात टाके पडले. आमच्या क्राइमवाल्याची कॉपी आली, 'विशिष्ट समाजाच्या तरुणांच्या टोळक्याने एका युवकास बेदम मारहाण केल्याने संवेदनशील भागात तणाव'. पोलिसांच्या प्रेस नोटमध्ये 'दोन गटांत हाणामारी' एवढंच होतं आणि गुन्हे दोन्हीकडून दाखल होते, हे कॉपीत शेवटच्या ओळीत होतं, जी ओळ जागा कमी पडली की पहिली कापली जाते.

'विशिष्ट समाज' हा आपल्या मराठी पेपरांचा खास माल आहे. लिहिणाऱ्याला वाटतं मी नाव घेतलंच नाही, मी जबाबदारीनं वागलो. पण वाचणारा एका सेकंदात ओळखतो कोण ते, कारण हा शब्द आपण सगळ्यांसाठी वापरतच नाही, एकाच बाजूसाठी वापरतो. दुसऱ्या बाजूचा असला की तो नुसता 'युवक' असतो. एकीकडे 'टोळकं', दुसरीकडे 'युवक'. एकाला समाज आहे, दुसऱ्याला नाही. 'संवेदनशील भाग' पण तसंच, तो पोलिसांचा बंदोबस्ताचा शब्द आहे, त्यांच्या रजिस्टरमध्ये राहू द्या, आपण छापला की त्या मोहल्ल्यात राहणाऱ्या मास्तरापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांवर शिक्का बसतो.

मी क्राइमवाल्याला म्हटलं, दोघंही एकाच धर्माचे असते तर तू काय लिहिलं असतं? तो म्हणाला, "अशी बातमी मी पाठवलीच नसती, सिंगल कॉलममध्ये टाकली असती फार तर." मग टाक ना सिंगल कॉलममध्ये. तो भडकला, म्हणे "ताई, लोकं फोन करून विचारतात कोण होते, व्हॉट्सॲपवर तर कालच आलं सगळं, आपण नाही लिहिलं तर म्हणतात पेपरवाले दबले." त्याचं पूर्ण चूक नव्हतं आणि हे मी तेव्हा मान्य केलं नाही, आता करते.

कॉपी मी अशी केली: 'बसस्टँड परिसरात दुचाकीचा कट लागल्याच्या वादातून सोमवारी सायंकाळी दोन गटांत हाणामारी झाली. दोन्ही गटांतील प्रत्येकी एक तरुण जखमी झाला असून पोलिसांनी परस्परविरोधी तक्रारींवरून दोन्ही बाजूंवर गुन्हे दाखल केले.' परस्परविरोधी तक्रारी शेवटच्या ओळीतून दुसऱ्या वाक्यात आणल्या, कापल्या जाऊ नयेत म्हणून. तणाव काढला कारण मी ठेलेवाल्याला फोन केला होता, तो म्हणाला ठेला तर रात्री दहापर्यंत चालू होता. आरोपींची नावं द्यायची तर दोन्ही एफआयआरमधली द्यायची, नाही तर कोणाचीच नाही. कारण आपल्याकडे नावातच धर्म कळतो, एका बाजूची नावं देऊन 'आम्ही धर्म लिहिला नाही' म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक.

पण मग उलट केस. भांडणच धर्मावरून झालं, मिरवणुकीच्या रस्त्यावरून, झेंड्यावरून, तेव्हा काय? तिथं 'दोन गट' लिहिलं तर बातमीच खोटी होते, वाचणाऱ्याला कळतच नाही वाद कशाचा. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत अशा बातम्यांना खात्री, संयम आणि न भडकवणारं हेडिंग सांगितलेलं आहे, पण रात्री साडेनऊला त्याचं काय करायचं ते डेस्कलाच ठरवावं लागतं. आम्ही ठरवलं की वादाचं कारण सरळ लिहायचं, कोणती मिरवणूक, कोणता रस्ता, परवानगी कोणत्या रस्त्याची होती. धर्माचं नाव मजकुरात येईल, हेडिंगमध्ये नाही. 'पहिला दगड कोणी मारला' हे कोणाच्या सांगण्यावरून लिहितो ते नावानिशी असल्याशिवाय लिहायचं नाही, आणि 'विशिष्ट समाज' कुठंच नाही. लिहायचं तर नाव लिहा, नाही तर सोडा. यावर ऑफिसात एकमत झालं असं नाही. साहेबांनी होकार दिला म्हणून पत्रकात गेलं.

गोडगोड बातम्यांचं पण एक कलम टाकलं, त्यावर तर माझ्याशी दोन जण आठवडाभर बोलले नाहीत. 'मुस्लिम युवकांनी केली गणपतीची आरती, ऐक्याचे अनोखे दर्शन' ही बातमी दरवर्षी येते. एका गावात मी स्वतः गेली, तिथं पिराच्या उरुसाला संदल निघतो तो पाटलाच्या वाड्यावरून, कधीपासून ते कोणालाच आठवत नाही. मी विचारलं याला ऐक्य म्हणता का, तर म्हातारा म्हणाला, "ऐक्य कायचं बाप्पा, आमचा पीर हाय." अनोखे लिहिलं की गावानं जे रोजचं मानलं ते आपण नवलाचं करून टाकतो, आणि मुस्लिम पोरगा भला आहे हे सिद्ध करायला त्याला आरतीतच उभं राहावं लागतं. म्हणून 'अनोखे', 'आगळेवेगळे' काढायचं, बाकी बातमी छापायची.

पत्रक झालं दोन पानांचं, पीडीएफ करून ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी अंगठा दाखवला, कोणी उघडलं नाही. हे दुसऱ्या आठवड्यात कळलं. मग मी अर्ध्या पानाची शब्दयादी करून प्रत्येक कॉम्प्युटरच्या वर चिकटवली. तिथून खरा घोळ झाला.

आमचा एक नवा ऑपरेटर, कामाला फार तडफदार. त्यानं यादी पाहिली आणि पानावर फाइंड-रिप्लेसच मारला, 'मंदिर' च्या जागी 'विहार'. नशीब मी प्रिंट पाहिली, दत्त विहारात भंडारा आणि विठ्ठल विहारात काकडा छापून येणार होता. हसलो आम्ही सगळे. पण त्याच रात्री त्यानं अजून एक बदल केला होता तो सुटला. 'नवबौद्ध' च्या जागी 'बौद्ध'.

आता यादीत ते होतंच, माझंच होतं. त्या आजीच म्हणाल्या होत्या, "माह्या नातवाचं लग्न झालं, अजून आम्ही नवेच काय?" १९५६ पासून तिसरी पिढी आली, नव कसलं. म्हणून आपल्या शब्दांत फक्त बौद्ध लिहायचं असं ठरलं होतं. पण त्या पानावर कृषी स्वावलंबन योजनेची बातमी होती, विहिरीचं अनुदान, आणि ती योजना सरकारी कागदावर 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' शेतकऱ्यांसाठीच आहे. नव गेल्यावर वाचणाऱ्यांना वाटलं योजनेचे नियम बदलले. पंचायत समितीत दुसऱ्या दिवशी पाच-सात लोक अंक घेऊन पोचले आणि तिथल्या साहेबांचा मला फोन. सरकारी कागदात तो शब्द ओळखीसाठी बसलेला आहे, धर्म बदलल्यावर सवलती गेल्या, बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या आदेशात १९९० ला जागा मिळाली, हा सगळा इतिहास त्या एका शब्दामागे आहे. आपण डेस्कवर बसून तो पुसू शकत नाही.

दुसरा खुलासा. यावेळी मीच लिहिला आणि साहेबांना म्हटलं ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर छापा. छापला. आणि पत्रकात भर घातली की योजनेचं, कायद्याचं, संस्थेचं नाव जसं कागदावर आहे तसंच, आपल्या वाक्यात मात्र लोक स्वतःला म्हणतात ते. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन, पुण्यतिथी नाही. आणि खाली ठळक अक्षरात, फाइंड-रिप्लेस मारू नये.

परवा मोहरमला संध्याकाळी त्याच वार्ताहराचा फोन आला, सवारीची कॉपी लिहीत होता. म्हणाला, "ताई, ते 'उत्साहात' काढलं म्या. आता तिथं काय टाकू?"

"काही टाकू नको."

"मंग ओळ रिकामी दिसून राहिली ना."

म्हटलं सवारी कुठून उठली ते लिहिलं का? नव्हतं लिहिलं. परत गेला विचारायला, साडेनऊला कॉपी आली, त्यात मोहल्ल्याचं नाव होतं, रस्ता होता, आणि मलिदा कोणाच्या घरून आला तेही होतं. हेडिंग दोन कॉलममध्ये बसलं.